सांगलीत आलेली इटलीची कचरापट्टी

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ४ नोव्हेंबर २०२४ ला, सांगलीच्या एका घरी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. पत्र मुलाच्या नावे होतं आणि मुलगा बंगळुरात. वडिलांनी गुलाबी पोचपावतीवर सही करून पाकीट घेतलं, उघडलं, आणि आतली सहा पानं इटालियनमध्ये आहेत हे पाहून मला फोन केला. मी पुण्यात इटालियनची भाषांतरं करते, बहुतेक यंत्रांची माहितीपत्रकं आणि व्हिसासाठी लागणारे दाखले. आमची ओळख दूरच्या नात्यातून.

"ताई, तिकडच्या नगरपालिकेचं पत्र आहे. आकडे दिसतायत, ३३१ युरो लिहिलंय. आमच्या पोरानं काही केलंय का हो?"

मी म्हटलं, काका, पाकीट फेकू नका. ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "फेकीन कसं? प्राप्त दिनांक टाकलाय की वर." पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी काढलेला माणूस. आवक-जावकची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती. पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांनी शाईच्या पेनाने लिहिलं होतं : प्राप्त, ४/११/२४, स. ११.४०. पुढच्या सगळ्या कामात ही एक ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

त्यांनी पानांचे आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. अशा पत्राला मी वरून खाली भाषांतर करत जात नाही. आधी चार गोष्टी शोधते : हे कागद नेमके कोणत्या जातीचे आहेत, कोणत्या वर्षाबद्दल आहेत, कोणत्या तारखेपासून मुदत सुरू होते, आणि मुदत संपली की आपोआप काय घडतं. एवढं हाती आलं की उरलेली पाच पानं बहुतेक कायद्यांची कलमं असतात.

पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'आव्विझो दी अच्चेर्तामेन्तो एझेकुतीव्हो', म्हणजे वसुलीची ताकद असलेली आकारणी नोटीस, असं होतं आणि खाली 'तारी, वर्ष २०२१'. म्हणजे दंड नव्हता. मुलाने गाडी चुकीच्या रस्त्याने नेली वगैरे काही नव्हतं. तारी ही इटलीतली कचरापट्टी. २०१३ च्या १४७ क्रमांकाच्या कायद्याने ती लागू झाली आणि २०१४ पासून प्रत्येक नगरपालिका ती वसूल करते. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो. तारी मात्र घर जो वापरतो त्याच्यावर असते, भाडेकरू असला तरी. शिकायला गेलेल्या बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं, आणि ज्यांना असतं त्यांचं बिल खोलीतला जो कोणी पहिल्यांदा पालिकेत जाऊन नोंद करून आला त्याच्या नावे निघतं. इथे तो हा मुलगा होता.

मी त्याला बंगळुरात फोन लावला. उत्तर इटलीतल्या एका विद्यापीठाच्या शहरात तो २०१८ च्या शरदात गेला. तिघांनी मिळून एक फ्लॅट घेतला : हा, एक केरळचा मुलगा, आणि एक इटलीच्या दक्षिणेकडचा. २०१९ आणि २०२० ची तारी त्यांनी वाटून भरली होती, पावत्या त्याच्या मेलमध्ये होत्या. ३१ मार्च २०२१ ला त्याने घर सोडलं आणि भारतात परतला. जाताना त्याने पालिकेच्या रहिवासी नोंदणी कचेरीत जाऊन नाव काढून घेतलं आणि पुढचा पत्ता म्हणून सांगलीचा पत्ता दिला. म्हणूनच पत्र सांगलीला आलं.

"मग २०२१ चं बिल भरलं होतंस?"

"बिल आलंच नाही."

येणारच नव्हतं. तारीची बिलं साधारण वर्षाच्या मध्यावर किंवा त्याही पुढे निघतात. मार्चअखेर घर सोडणाऱ्याच्या हाती त्या वर्षाचं बिल पडतच नाही, ते जुन्या घराच्या पत्रपेटीत पडतं. शिवाय रहिवासी नोंदणीतून नाव काढलं म्हणजे कचरापट्टीतूनही निघालं, असं नसतं. तारीच्या कचेरीला वेगळं 'घर सोडल्याचं निवेदन' द्यावं लागतं. ते त्याने दिलं नव्हतं, बाकीच्या दोघांनीही नाही. पालिकेच्या वहीत तो फ्लॅट अजूनही तिघांचाच होता.

आता कागदाची जात. इटलीतून येणारी पत्रं दिसायला सारखी असली तरी त्यांचं वजन वेगळं असतं. साधं स्मरणपत्र असेल तर त्याच्याविरुद्ध अपील करायची वेळ आलेली नसते. हे स्मरणपत्र नव्हतं. २०१९ च्या १६० क्रमांकाच्या कायद्याने, म्हणजे १ जानेवारी २०२० पासून, पालिकांच्या या आकारणी नोटिशीला स्वतःचीच वसुलीची ताकद मिळाली. पूर्वी नोटीस यायची, मग वसुली खात्याचं वेगळं मागणीपत्र, मग जप्ती. आता मधली पायरी गेली. नोटिशीवर साठ दिवसांत पैसे भरले नाहीत आणि अपीलही केलं नाही, तर तीच नोटीस जप्तीचा हुकूम ठरते. हे सगळं चौथ्या पानावर, कायद्याच्या कलमांच्या गर्दीत, साध्या टायपातल्या एका परिच्छेदात लिहिलेलं होतं. काकांसाठीच्या मराठी भाषांतरात मी तो परिच्छेद उचलून सगळ्यात वर आणला आणि तसं केल्याचं कंसात नमूद केलं. दाखल्याच्या भाषांतरात असा क्रम बदलता येत नाही. पण हे भाषांतर कोणत्याही कचेरीत दाखल व्हायचं नव्हतं, घरच्यांना समजायला हवं होतं. शिक्क्याचं प्रमाणित भाषांतर लागेल का, असं काकांनी विचारलं होतं. लागत नव्हतं. पालिकेशी पत्रव्यवहार इटालियनमध्येच होणार आणि मराठी प्रत कपाटात राहणार. तिच्यावर शिक्का मारून कुणाचाच फायदा नव्हता.

भाषेच्या बाजूने हे काम वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण आपल्या महापालिकांनी सगळे शब्द आधीच तयार ठेवलेत. मूळ कर, शास्ती, व्याज, नोटीस फी, वसुली, जप्ती. पुण्यात घरपट्टीचं थकीत बिल पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. जपावं लागतं ते आकड्यांना. इटालियन कागदावर हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. २४०,०० म्हणजे दोनशे चाळीस युरो. काकांनी ते आधी चोवीस हजार वाचलं होतं.

मग तारखा. रजिस्टर पत्राला इटलीच्या करकायद्यात दोन तारखा असतात आणि दोन्हीचं काम वेगळं. पालिकेने वेळेत नोटीस काढली की नाही हे बघायचं तर पत्र टपालात टाकल्याची तारीख धरतात. समोरच्याची मुदत मात्र पत्र हातात पडल्याच्या दिवसापासून मोजतात. पालिकेला नोटीस काढायला पाच वर्षं असतात : ज्या वर्षी कर भरायचा होता त्याच्यापुढच्या पाचव्या वर्षाची ३१ डिसेंबर. २०२१ च्या तारीसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२६ येते. पाकिटावर इटलीच्या टपालाचा शिक्का १४ ऑक्टोबर २०२४ चा. म्हणजे उशिराचा मुद्दा काढायला काही वाव नव्हता. मुलाच्या एका मित्राने त्याला "तीन वर्षं झाली, मुदतबाह्य असणार" असं सांगितलं होतं, ते मी तिथेच संपवलं.

दुसरी मुदत आमची. हातात पडलेला दिवस धरायचा नाही, पुढच्या दिवसापासून साठ मोजायचे. ५ नोव्हेंबर पहिला, ३० नोव्हेंबर सव्विसावा, ३१ डिसेंबर सत्तावन्नावा, आणि ३ जानेवारी २०२५, शुक्रवार, साठावा. ऑगस्टमध्ये तिकडे न्यायालयीन मुदती थांबतात, १ ते ३१. तो महिना मध्ये आला असता तर मोजणी लांबली असती. नोव्हेंबरात तसं काही नाही. काकांनी पाकिटावर तारीख टाकली नसती तर आम्हाला पोस्टाच्या संकेतस्थळावर पत्राचा क्रमांक टाकून ती काढावी लागली असती. मी तसं करूनही पाहिलं. आंतरराष्ट्रीय रजिस्टर पत्राचा क्रमांक तेरा खुणांचा असतो, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. इथे शेवटी IT होतं. पोचल्याची तारीख जुळली. काकांनी सही केलेली गुलाबी पोचपावती तर इटलीला परत जाणारच होती, तेव्हा पालिकेकडेही हीच तारीख असणार.

हा क्रमांक तपासायचं दुसरंही कारण होतं. मुलाला पत्र बनावट वाटत होतं. कारण शेवटच्या पानावर सही नव्हती, फक्त एका अधिकाऱ्याचं छापील नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हस्ताक्षरातल्या सहीऐवजी कायद्याप्रमाणे छापील नाव दिलं आहे. संगणकावर एकगठ्ठा निघणाऱ्या पालिका नोटिशींना इटलीत ही मुभा आहे. सही नाही म्हणून नोटीस रद्द होत नाही. खरेपणाची परीक्षा दुसरीकडे करायची. पत्रात त्याचा इटालियन कर क्रमांक बरोबर होता. फ्लॅटचा नगर-भूमापन क्रमांक भाडेकराराशी जुळत होता. पैसे भरायचं खातं मी पत्रातून घेतलं नाही; पालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन खजिन्याचा खाते क्रमांक पाहिला आणि मग पत्रातल्याशी ताडला. कचेरीचा दूरध्वनीही तिथूनच घेतला. अशा पत्रांच्या नावाने फसवणारे लोक खातं बदलतात, बाकी मजकूर हुबेहूब ठेवतात.

एवढं झाल्यावर मी तिसऱ्या पानावरच्या तक्त्याकडे वळले. खरी गोष्ट तिथेच होती. तारी दोन भागांत आकारतात : एक स्थिर भाग, घराच्या क्षेत्रफळावर, दुसरा बदलता भाग, घरात किती माणसं राहतात त्यावर. त्यावर प्रांताचा पर्यावरण कर, इथे ५ टक्के. तक्त्यात असं होतं : क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर, राहणारे ३, पालिकेचा कर २२८.५७, प्रांताचा ११.४३, एकूण २४० युरो. वेळेत न भरल्याची शास्ती ३० टक्के, म्हणजे ७२. (सप्टेंबर २०२४ पासूनच्या कसुरीला हा दर २५ टक्क्यांवर आला; जुन्या वर्षांना जुनाच लागतो.) व्याज १९.४९. बेरीज पूर्ण युरोत केली की ३३१, आणि वर टपालखर्च. त्या वेळच्या दराने तीस हजार रुपयांच्या आसपास.

व्याजाचा आकडा मी मुद्दाम हाताने मोजून पाहिला, कारण तिथे बहुतेक लोक डोळे झाकतात. इटलीतला कायदेशीर व्याजदर दरवर्षी बदलतो : २०२१ ला ०.०१ टक्का, २०२२ ला १.२५, २०२३ ला ५, २०२४ ला २.५. पालिका हवं तर त्यावर तीन टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. हिने वाढवलं नव्हतं. डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या हप्त्यापासून धरलं तर २०२२ चे ३ युरो, २०२३ चे १२, आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरपर्यंतचे साडेचारच्या आसपास. बरोबर जुळलं. गणितात चूक नव्हती.

चूक एका रकान्यात होती, आणि तो रकाना इतका अरुंद छापलेला की फोटो मोठा करून पाहावा लागला. 'दिवस'. तिथे ३६५ होतं. हा मुलगा २०२१ मध्ये त्या घरात फक्त ३१ मार्चपर्यंत होता, म्हणजे ९० दिवस. कर दिवसांच्या हिशेबाने धरला तर २४० गुणिले ९० भागिले ३६५, म्हणजे ५९.१८ युरो. शास्ती १७.७५, व्याज पावणेपाचच्या जवळ. एकूण ८२ च्या आत. तिघांकडून पाव वर्षाचा कर खरंच भरायचा राहिला होता, तो नाकारण्यात अर्थ नव्हता. उरलेल्या २७५ दिवसांचा प्रश्न होता.

आणि त्याहून मोठा प्रश्न पत्रात लिहिलेलाच नव्हता. २०२१ ची नोटीस आली म्हणजे २०२२, २०२३ आणि २०२४ च्या रांगेत उभ्या असणार. नवीन भाडेकरूने नोंद केली असती तर पालिकेने जुनी नावं कदाचित आपणहून काढली असती. पण नोटीस आली याचा अर्थ कुणी केली नव्हती. ३३१ युरो निमूटपणे भरून टाकू, कटकट नको, असं मुलगा म्हणत होता. मी त्याला सांगितलं, तू हे भरशील आणि पुढच्या वर्षी काका पुन्हा सही करतील.

मार्ग दोन होते. एक, करविषयक न्यायालयात अपील. वाद तीन हजार युरोपर्यंतचा असेल तर वकील न नेता करता येतं, आणि या आकड्याला कोर्ट फी ३० युरो. दुसरा, पालिकेलाच अर्ज करायचा की तुमचा हुकूम तुम्हीच दुरुस्त करा. याला तिकडे 'आउतोतुतेला' म्हणतात. २०२४ च्या जानेवारीपासून करदात्यांच्या हक्कांच्या कायद्यात नवं कलम आलं आहे : हिशेबाची चूक, माणसाची चूक, भरलेले पैसे न धरणं, कर लागण्याच्या मूळ कारणाचीच चूक, अशा उघड दिसणाऱ्या चुका असतील तर पालिकेने हुकूम मागे घेणं बंधनकारक आहे. घरात नसलेल्या माणसाला घराचा कचरा कर लावणं त्यात बसतं असं माझं म्हणणं होतं. पण या अर्जात एक धोंडा आहे आणि लोक त्यालाच ठेचकाळतात : अर्ज केला म्हणून साठ दिवस थांबत नाहीत. पालिका उत्तर द्यायला उशीर करते, तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते, आणि मग पालिकेने नकार दिला तर मूळ नोटिशीविरुद्ध थेट अपील करायची वाट उरत नाही. म्हणून आम्ही अर्ज लगेच करायचं ठरवलं आणि ३ जानेवारीच्या आधीचा आठवडा अपिलाच्या कागदांसाठी मोकळा ठेवला.

अर्ज लिहिण्याआधी मी त्या पालिकेची तारीची नियमावली उतरवून घेतली. प्रत्येक पालिकेची वेगळी असते आणि संकेतस्थळावर असते. घर सोडल्याचं निवेदन उशिरा दिलं तर काय, हे कलम त्यात हमखास असतं. बऱ्याच ठिकाणी भाषा जवळपास एकसारखी : पुढच्या वर्षांचा कर लागत नाही, जर त्या माणसाने घर सोडल्याचा पुरावा दिला किंवा त्याच घराचा कर नव्या राहणाऱ्याने भरला असेल. या शहराच्या नियमावलीत ते होतंच, शिवाय ज्या वर्षी घर सोडलं त्या वर्षासाठीही कागदोपत्री पुरावा असेल तर प्रत्यक्ष तारखेपासून सूट होती. अर्जात कायद्यापेक्षा ही नियमावली जास्त वजनदार ठरते, कारण कचेरीतला माणूस रोज तिच्यावरच काम करतो. मी कलम क्रमांक आणि त्यातली ओळ अर्जात जशीच्या तशी घातली.

पुरावा गोळा करायला मुलाला त्याच्या जुन्या मेलपेटीत शिरावं लागलं. भाडेकरार त्याच्याकडे होता. मुदतीआधी करार संपवल्याची नोंद घरमालकाने कर खात्यात केलेली असते. तिची प्रत मालकाने मागितल्याबरोबर पाठवली, कारण ती नोंद नसती तर भाड्यावरचा कर त्यालाच भरत राहावा लागला असता. चाव्या परत दिल्याचा दोघांच्या सह्यांचा कागद निघाला. विजेचा करार बंद केल्याचं शेवटचं बिल निघालं, त्यावर तारीख ३१ मार्च. रहिवासी नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला मात्र नव्हता. तो नसला तरी चालणार होतं, ती नोंद पालिकेच्याच दुसऱ्या कचेरीत होती आणि मी अर्जात तेवढंच लिहिलं : आपल्याच रहिवासी नोंदणी विभागात पाहावे.

त्याने मेलसोबत विमानाचं तिकीटही पाठवलं. ते मी बाजूला ठेवलं. तिकीट माणूस गेल्याचं सांगतं, घर सोडल्याचं नाही.

अर्ज दीड पानाचा झाला. वर नोटिशीचा क्रमांक, मिळाल्याची तारीख, मग एका ओळीत मागणी : २०२१ साठी ३६५ ऐवजी ९० दिवस धरून सुधारित आकारणी करावी. मग पुरावे क्रमाने. शेवटी वेगळ्या परिच्छेदात घर सोडल्याचं निवेदन, ३१ मार्च २०२१ पासून लागू व्हावं असं, पालिकेच्या छापील नमुन्यासह. काकांचा आग्रह होता की आरंभी थोडं नम्र प्रास्ताविक असावं. मी एक ओळ ठेवली. त्यांना ती फारच थोडी वाटली, पण त्यांनी हरकत घेतली नाही.

पाठवण्याची थोडी अडचण झाली. इटलीत सरकारी पत्रव्यवहार 'पेक' नावाच्या प्रमाणित ईमेलवर चालतो. तिला रजिस्टर पोस्टाइतकीच किंमत असते. पण साध्या मेलवरून पाठवलेलं पत्र बऱ्याच पेक-पेट्या आत घेतच नाहीत, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आम्ही नोटिशीवर दिलेल्या साध्या कचेरी-पत्त्यावर मेल केला, त्याच कागदांचा संच सांगलीहून पोचपावतीच्या टपालाने पाठवला, आणि मी पालिकेला फोन करून आवक क्रमांक मागितला. दोन वाक्यांनंतर बाईंनी क्रमांक दिला. तो मी काकांना कळवला तेव्हा त्यांचा जीव खरा भांड्यात पडला. आवक क्रमांक पडला म्हणजे कागद आता हरवणार नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास.

डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं, मेलने. पालिकेने नोटीस अंशतः रद्द केली होती आणि सुधारित तक्ता जोडला होता. दिवस ९०, कर ५९.१८, शास्ती, व्याज, टपालखर्च. शास्ती पूर्ण माफ व्हावी असं मुलाला वाटत होतं, कारण बिल मिळालंच नव्हतं. पालिकेने ते मानलं नाही, आणि सतरा-अठरा युरोंसाठी अपिलात जाण्याइतकं ते मोठंही नव्हतं. निवेदन मात्र पूर्ण मान्य : ३१ मार्च २०२१ पासून खातं बंद. २०२२ पासूनचं काही येणार नाही, हे त्या पत्रातल्या शेवटच्या ओळीत स्पष्ट होतं. मी ती ओळ भाषांतरात अधोरेखित केली.

पैसे भरायला नोटिशीसोबत 'एफ-२४' नावाचा नमुना होता. तो इटलीतली बँक किंवा टपाल कचेरीच घेते. भारतातून त्याचा उपयोग नाही. परदेशातून पालिकेच्या खजिन्यात थेट बँकेने पाठवता येतात, पण तेव्हा मधल्या बँका आपली कपात करतात आणि पालिकेला दोन-चार युरो कमी पोचतात. मग तेवढ्यासाठी पुन्हा पत्र. त्यामुळे पाठवताना सगळा बँक खर्च पाठवणाऱ्याने उचलायचा पर्याय निवडावा लागतो आणि ऐंशी युरोंसाठी खर्चच अंगावर येतो. आम्ही सोपी वाट धरली. दक्षिणेकडचा तो फ्लॅटसोबती अजून त्याच शहरात नोकरी करतो. तारीचा कर घरातल्या सगळ्यांवर मिळून असतो आणि पालिका कुणा एकाकडून पूर्ण मागू शकते. म्हणजे त्याचं नाव नोटिशीत नसलं तरी देणं त्याचंही होतंच. त्याने टपाल कचेरीत जाऊन या मुलाच्या कर क्रमांकावर सुधारित एफ-२४ भरला आणि शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो पाठवला. ३ जानेवारीला बराच अवकाश होता.

पावतीवरचा नोटीस क्रमांक, वर्ष आणि शहराचा संकेतांक मी पुन्हा एकदा ताडून पाहिला, कारण या तीनपैकी एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच पालिकेच्या खात्यात जातात आणि इथे थकबाकी तशीच दिसत राहते. सगळं बरोबर होतं. काकांनी नोटीस, मराठी भाषांतर, अर्ज, उत्तर आणि पावती एका धारिकेत लावली आणि ती निदान २०२९ अखेरपर्यंत ठेवायची असं मी सांगितल्यावर पुठ्ठ्यावर ते वर्षही लिहून टाकलं. केरळच्या मुलाने त्याचा तिसरा हिस्सा लगेच पाठवला. आमच्या सांगलीकराचा मात्र इटलीतल्या मित्राला द्यायचा राहिलाय, काका त्याला दर रविवारी फोनवर आठवण करतात.